दोन बिस्किटं कोणी ठरवली?

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्याशी संलग्न शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. दिवसाला किती साखर चालते, नेहमीच्या खाण्यात ती किती असते आणि जास्त झाली तर काय होतं, हे मुलांच्या नजरेस पडेल असं लिहा, असा त्याचा साधा आशय होता. त्यानंतर नवी मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर पाकिटांचे फोटो जास्तच येऊ लागले. कोणी वाशीच्या मॉलमधल्या शेल्फसमोर उभं राहून पाठवतं, कोणी कोपरखैरण्याच्या वाण्याकडून. प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न असतो, "हे हेल्दी आहे का?" आणि उत्तरं देणारे दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो की पाकिटातलं सगळंच विष, घरी लाडू करा. दुसरा म्हणतो की नाचणी आहे, ओट्स आहेत, तळलेलं नाही, मग उगाच कशाला घाबरवता? दहा मिनिटांत फोटो बाजूला पडतो आणि आजच्या आया किती आळशी झाल्या आहेत किंवा जुनी माणसं किती हट्टी आहेत, यावर बोलणं सुरू होतं. ज्या ताईने विचारलं तिला डब्यात काय द्यायचं हे कळत नाही ते नाहीच.

हा वाद चुकीच्या पद्धतीने घातला जातो असं मला वाटतं, कारण दोन्ही गट 'किती' हे न विचारता निकाल देतात. लेबलवरचा प्रत्येक आकडा कशाने तरी भागलेला असतो. शंभर ग्रॅममागे इतका, किंवा एका सर्व्हिंगमागे इतका. यातला शंभर ग्रॅम हा भाजक सगळ्यांसाठी सारखा आहे. सर्व्हिंग हा भाजक मात्र आपल्याकडे पाकीट बनवणारी कंपनी स्वतः निवडते. माझं म्हणणं असं की पाकीट पौष्टिक आहे की नाही या वादातला निम्मा गोंधळ या एका सवलतीतून येतो, आणि ती सवलत काढून घेतल्याशिवाय शाळेतले फलक, ग्रुपवरचे सल्ले आणि सरकारी मोहिमा यांचा फारसा उपयोग होणार नाही.

हे एका उदाहरणाने नीट उलगडून पाहू. पाकिटाला नाव देत नाही, कारण अशी पाकिटं एकाच कंपनीची नसतात. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण या जातीच्या मालात ते असेच असतात. पाकीट आहे 'नाचणी-ओट्स मल्टीग्रेन कुकीज'चं. निव्वळ वजन 150 ग्रॅम, आत वीस बिस्किटं. पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस, 'फायबरचा स्रोत' अशी हिरवी पट्टी आणि बाजूला छोट्या गोलात 'एका सर्व्हिंगमध्ये साखर फक्त 7 टक्के'. फोटोत बहुतेक वेळा इतकंच दिसतं. मागच्या बाजूला तक्ता आहे. शंभर ग्रॅममागे ऊर्जा 480 किलोकॅलरी, प्रथिनं 7.5 ग्रॅम, कर्बोदकं 66, त्यातली एकूण साखर 24 आणि वरून घातलेली साखर 22, तंतुमय पदार्थ 5, एकूण स्निग्ध पदार्थ 20.5, त्यातले संपृक्त 9.5. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, सर्व्हिंग 15 ग्रॅम, म्हणजे दोन बिस्किटं. पाकिटात सर्व्हिंग दहा.

आता तो 7 टक्क्यांचा आकडा कुठून आला ते बघा. शंभर ग्रॅममागे 22 ग्रॅम साखर, म्हणून पंधरा ग्रॅममागे 3.3 ग्रॅम. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा नियामकाच्या लेबलिंग नियमांत प्रौढ माणसाच्या दिवसाच्या 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी वरून घातलेल्या साखरेचं प्रमाण 50 ग्रॅम धरलं आहे. 3.3 ला 50 ने भागून शंभरने गुणलं की 6.6 येतात, ते झाले 7 टक्के. हिशोबात कुठेही खोटं नाही. पण शाळेतून साडेबाराला भुकेलं आलेलं आठ वर्षांचं मूल दोन बिस्किटांवर थांबतं का? ते सहा खातं. सहा बिस्किटं म्हणजे 45 ग्रॅम, त्यात साखर दहा ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले अडीच चमचे. टक्केवारी झाली 20. शिवाय ती टक्केवारी प्रौढाच्या आहारावर काढलेली आहे. आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज त्याहून कमी असते, म्हणजे त्याच्या वाट्याला ते प्रमाण आणखी चढतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवा आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली आणा असं सांगितलं. लेबलवरचे 50 ग्रॅम हे त्यातल्या दहा टक्क्यांच्या मर्यादेचे आहेत. पाच टक्क्यांचं पाहायचं तर प्रौढालाही 25 ग्रॅमच उरतात, आणि मुलाने एका बैठकीत त्यातले दहा संपवलेले असतात. दुपारचं गोड दूध आणि संध्याकाळचा जॅम अजून व्हायचाच आहे.

खरी मेख मात्र हिरव्या पट्टीत आहे. 'फायबरचा स्रोत' असं लिहायचं तर घन पदार्थात शंभर ग्रॅममागे किमान 3 ग्रॅम तंतू हवेत, आणि 'फायबरने समृद्ध' म्हणायचं तर 6 ग्रॅम, असा 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांचा दंडक आहे. आपल्या पाकिटात 5 ग्रॅम आहेत, तेव्हा पट्टी कायदेशीर आहे. पण ती शंभर ग्रॅमच्या हिशोबाने कायदेशीर आहे. ज्या दोन बिस्किटांच्या हिशोबाने साखर 7 टक्क्यांवर आली, त्याच दोन बिस्किटांत तंतू मोजले तर ते पाऊण ग्रॅम भरतात. म्हणजे एकाच पाकिटावर गुणांसाठी मोठा भाजक आणि दोषांसाठी छोटा. जे मिरवायचं ते शंभर ग्रॅममध्ये, जे लपवायचं ते पंधरा ग्रॅममध्ये. वाचणारा मात्र दोन्ही आकडे एकाच बिस्किटाचे समजून मनात शेजारी शेजारी ठेवतो. फोटोवरून उत्तर देणाऱ्या कोणीही सगळ्यात आधी हे तपासावं, की दोन दावे एकाच भाजकावर उभे आहेत का?

मग नाचणी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, आणि ज्या घटकाचा पाकिटावर गवगवा केला त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. हे दोन नियम ग्राहकाच्या फार कामाचे आहेत आणि फार थोड्यांना माहीत आहेत. आपल्या पाकिटावर यादी अशी आहे: मैदा, साखर, पाम तेल, नाचणी पीठ (9 टक्के), ओट्स (6 टक्के), इन्व्हर्ट सिरप, दुधाची भुकटी वगैरे. मैदा, साखर आणि तेल हे तिघे नाचणीच्या पुढे उभे आहेत. नऊ टक्के म्हणजे दोन बिस्किटांत जेमतेम 1.35 ग्रॅम नाचणी, फार तर अर्धा चहाचा चमचा. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची एक भाकरी केली तर तिच्यात पाच ग्रॅमच्या वर तंतू मिळतात. तेवढे या पाकिटातून मिळवायला शंभर ग्रॅम, म्हणजे तेरा-चौदा बिस्किटं खावी लागतील, आणि सोबत 22 ग्रॅम साखर आणि साडेनऊ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश येतील. यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर आणि साखरेपासूनच बनणारं इन्व्हर्ट सिरप सहाव्या, हेही लक्षात घ्या. साखर, गूळ, मध, लिक्विड ग्लुकोज, खजुराचं सिरप अशी वाटणी केली की यादीत प्रत्येक नाव खाली सरकतं आणि पहिल्या क्रमांकावर धान्य दिसतं. म्हणून यादी वाचताना गोड नावं एकत्र जोडून वाचावीत. तक्त्यातली 'वरून घातलेली साखर' ही ओळ ती बेरीज आपल्यासाठी करून ठेवते; ती ओळ फोटोत आली नसेल तर उत्तर देऊ नये.

फोटोबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. चकचकीत पाकिटावर उजेड पडतो, शिवणीच्या घडीत दशांशचिन्ह हरवतं, आणि 1.5 चे 15 होतात. तक्ता एका बाजूला, सर्व्हिंग दुसरीकडे आणि निव्वळ वजन तिसरीकडे असतं. अशा वेळी एक सोपी पडताळणी आहे. प्रथिनं आणि कर्बोदकं यांची बेरीज चारने गुणा, स्निग्ध पदार्थ नऊने गुणा, आणि दोन्ही मिळवा. आपल्या पाकिटात साडेसात आणि सहासष्ट मिळून साडेत्र्याहत्तर, चारने गुणून 294; साडेवीस नव्वे 184.5, एकूण साधारण 478. छापलेले 480 जवळ आहेत, म्हणजे आकडे नीट वाचले गेले. फोटोत 20.5 चे 2.5 दिसले असते तर बेरीज 316 वर आली असती आणि लगेच कळलं असतं की आपण चुकतो आहोत. तंतू किंवा साखरेऐवजी वापरलेले पदार्थ जास्त असतील तर या हिशोबात थोडा फरक पडतो, पण एवढी मोठी तफावत पडत नाही. आणि एफएसएसएआयचं चिन्ह आणि त्याखालचा चौदा अंकी क्रमांक पाहून "बघा, सरकारने मान्य केलंय" असं म्हणणाऱ्यांसाठी: तो परवान्याचा क्रमांक आहे. कारखाना नोंदलेला आहे एवढंच तो सांगतो. शेंगदाण्याला आणि साखरेच्या पाकालाही तोच परवाना लागतो.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि त्यातले काही जोरकस आहेत.

पहिला मुद्दा असा की शंभर ग्रॅम हा भाजकही काही निर्मळ नाही. शंभर ग्रॅम लोणचं कोण खातं? शंभर ग्रॅमच्या मापाने बदाम भयंकर दिसतात, कारण त्यांत निम्मा स्निग्धांश आहे, आणि गोड सरबत बिचारं साधं दिसतं, कारण त्यात पाणीच जास्त. सर्व्हिंगची कल्पना आली तीच मुळी लोक प्रत्यक्षात खातात त्याच्याजवळ जावं म्हणून. हे सगळं मला मान्य आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? प्रत्यक्षात खाल्लं जाणारं प्रमाण महत्त्वाचं असेल, तर ते प्रमाण खाणाऱ्याकडे पाहून ठरवा. अमेरिकेत हेच झालं. तिथे कोणत्या पदार्थाचं सर्व्हिंग किती धरायचं याची संदर्भ-मापं सरकारी नियमांत दिलेली आहेत, आणि ती लोकांनी किती खावं यावरून नव्हे, तर लोक किती खातात यावरून ठरवायची असतात. 2016 मध्ये नियम बदलले तेव्हा आइस्क्रीमचं माप अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर गेलं, कारण लोकांच्या वाट्या मोठ्या झाल्या होत्या. त्याच नियमांनी आणखी एक गोष्ट केली. ज्या पाकिटात त्या मापाच्या दुपटीपेक्षा कमी माल आहे ते पाकीट एकच सर्व्हिंग मानायचं, आणि दुप्पट ते तिप्पट असेल तर एका सर्व्हिंगचा आणि अख्ख्या पाकिटाचा असे दोन रकाने शेजारी छापायचे. सर्व्हिंगची बाजू घेणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर द्यावं, पण पूर्ण द्यावं. आपण तिथली कल्पना घेतली आणि तिचा लगाम मागे ठेवला.

दुसरा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. लोक म्हणतात, घरच्या खाण्याला कुठलं लेबल आहे? दिवाळीतले शंकरपाळे, तुपातला मैदा आणि पिठीसाखर. त्यांचा तक्ता केला तर आपल्या कुकीजच्या फार पलीकडे जाणार नाही. मग पाकिटालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? यात तथ्य आहे, आणि 'घरचं ते चांगलं' म्हणणाऱ्या गटाला हे ऐकवायलाच हवं. घरी केल्याने साखरेचा स्वभाव बदलत नाही. नोकरी करून सात पस्तीसची लोकल पकडणाऱ्या बाईला "घरी कर" म्हणणं हा सल्ला नव्हे, तो टोमणा आहे. पण शंकरपाळ्यांचा डबा कोणाला सांगत नाही की मी फायबरचा स्रोत आहे. शंकरपाळे करताना आईने साखर वाटीने मोजून घातलेली असते. ती तिच्या डोळ्यांसमोर आहे. पाकिटाच्या बाबतीत वाटी दुसऱ्याच्या हातात असते आणि आपल्याला फक्त चित्र दाखवलं जातं. लेबल हे त्या न दिसलेल्या वाटीच्या जागी आहे. म्हणून ते अचूक असून पुरत नाही, ते एका नजरेत कळायला हवं. माझा आक्षेप पदार्थ गोड असण्याला नाहीच. गोड बिस्किट गोड बिस्किट म्हणून विकलं तर ताई ते डब्यात देताना दोनच देईल. नाचणी म्हणून विकलं तर ती आठ देईल, आणि मुलाचं भलं करतो आहोत या समाधानाने देईल.

आपल्याच देशात एकदा या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर दिलं गेलं होतं. वनस्पती तूप बाजारात आलं तेव्हा ते साजूक तुपात मिसळलं जाऊ लागलं. दिसायला, लागायला फरक कळेना. लोकांना "जपून घ्या, ओळखायला शिका" असं सांगून सरकार मोकळं होऊ शकलं असतं. त्याऐवजी नियम झाला की वनस्पती बनवणाऱ्याने त्यात ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालायलाच हवं. तिळाच्या तेलाला आम्ल आणि फरफ्युरालच्या चाचणीत लाल-गुलाबी रंग येतो. बॉडोइन चाचणी म्हणतात तिला. तुपात वनस्पती मिसळलेलं असलं की साध्या प्रयोगशाळेतही रंग येणार आणि चोरी पकडली जाणार. ओळख पटवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर न टाकता बनवणाऱ्यावर टाकली, हे यातलं मर्म. त्या वेळी कोणी असा युक्तिवाद टिकू दिला नाही की ग्राहकाला साक्षर करा, उत्पादकाला त्रास नको. मग साखरेच्या बाबतीतच साक्षरतेचा धोशा का?

दुसरं उदाहरण वजनमापाचं, आणि ते अगदी अलीकडचं आहे. पूर्वी बिस्किटांसारख्या कित्येक वस्तू ठरलेल्याच वजनांच्या पाकिटांत विकाव्या लागत. नंतर ती सक्ती उठली आणि कंपन्यांना हवं ते वजन भरायची मोकळीक मिळाली. पण मोकळीक देताना सरकारने दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत पाकिटावर छापणं बंधनकारक केलं. का? कारण 82 ग्रॅमचं पाकीट आणि 96 ग्रॅमचं पाकीट यांत स्वस्त कोणतं हे वाशीच्या धान्यबाजारात उभं आयुष्य घालवलेल्या माणसालाही चटकन सांगता येणार नाही. भाजक विक्रेत्याच्या मर्जीवर सोडला की तुलना मरते, हे पैशांच्या बाबतीत आपल्या सरकारला पटलं. साखरेच्या बाबतीत अजून पटलेलं नाही. दोन कंपन्यांच्या जवळपास सारख्याच कुकीज घ्या. एकीचं सर्व्हिंग 15 ग्रॅम, दुसरीचं 30. पहिली लिहिते साखर 7 टक्के, दुसरी लिहिते 13. शेल्फसमोरची ताई पहिली उचलते. म्हणजे खरं माप लिहिणाऱ्याचं नुकसान होतं आणि माप आखूड करणाऱ्याचा फायदा. याला स्पर्धा म्हणायचं का?

जुलै 2024 मध्ये एफएसएसएआयने साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत द्यावी असा प्रस्ताव मांडला, तेव्हा पुष्कळांनी त्याचं स्वागत केलं. हेतू चांगला होता. पण ठळक काय होणार होतं? दर सर्व्हिंगची टक्केवारी. तोच 7 टक्क्यांचा आकडा, आता जाड अक्षरांत. त्याआधी 2022 मध्ये तारांकनाचा मसुदा आला होता, अर्धा तारा ते पाच तारे. त्यात फळं, भाज्या, कडधान्यं, भरडधान्यं, तंतू, प्रथिनं यांचे गुण साखर-मीठ-स्निग्धांशाच्या दोषांतून वजा होत होते. अशा हिशोबात नाचणी घालणं हा तारा वाढवायचा मार्ग ठरतो, आणि ताईला दिसतात फक्त तारे. वजाबाकी दिसत नाही. याउलट चिलीने 2016 मध्ये काय केलं ते पाहण्यासारखं आहे. काळ्या अष्टकोनात 'साखर जास्त' असं लिहायचं, आणि 'जास्त' म्हणजे किती ते शंभर ग्रॅमवर ठरवायचं. सुरुवातीला घन पदार्थांसाठी मर्यादा 22.5 ग्रॅम होती, टप्प्याटप्प्याने 2019 मध्ये ती 10 ग्रॅमवर आणली. सर्व्हिंग आखूड करून त्या अष्टकोनातून सुटका होत नाही. आपल्या नाचणी कुकीजवर तो छापला गेला असता, शेजारी हिरवी पट्टी असो वा नसो.

इथे एक रास्त शंका येते. काळा शिक्का सरसकट बसला तर लोक त्याकडे पाहीनासे होतील, आणि मधुमेहाचे रुग्ण 'शिक्का नाही म्हणजे चालेल' असं समजतील. दुसरा भाग खरोखर धोक्याचा आहे. 'वरून साखर घातलेली नाही' असं लिहिलेल्या खजुराच्या बारमध्ये एकूण साखर शंभर ग्रॅममागे चाळीस ग्रॅमच्या वर असू शकते, कारण खजूर स्वतःच निम्म्याहून जास्त साखरेचा असतो. आणि गोड नसलेल्या खाऱ्या चकत्यांतला मैदा, तांदळाचं पीठ किंवा स्टार्चपासून केलेलं माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या ओळीत जवळपास दिसतच नाहीत, तरी रक्तातली साखर चढवतात. म्हणून "हेल्दी आहे का?" असं आजोबांसाठी विचारलं असेल तर नजर साखरेच्या ओळीवर नव्हे, कर्बोदकांच्या ओळीवर जायला हवी, आणि तीही ते जितकं खाणार तितक्याची. ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्यासाठी सोडियम. उत्तर माणसागणिक बदलतं हे मी नाकारत नाही. पण माणूस बदलला तरी वजन तेच राहतं. आजोबांना 45 ग्रॅममध्ये 30 ग्रॅम कर्बोदकं मिळतात आणि नातवाला 10 ग्रॅम साखर, हे दोन्ही हिशोब एकाच पाकिटावरून करता यायला हवेत आणि त्यासाठी आधी भाजक प्रामाणिक हवा. शिक्का तेवढं एक काम करतो. बाकीचं काम तक्त्याचं आहे, आणि तक्ता वाचता येणारा माणूस घरात एक तरी असावा म्हणून शाळेतल्या फलकाचा उपयोग.

तो उपयोग आज नीट होत नाही. फलकावर 'एका बिस्किटात साखर इतकी' असं लिहिणं म्हणजे कंपनीचा भाजक शाळेच्या भिंतीवर चढवणं. मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगा. पाचवी-सहावीच्या मुलाला त्रैराशिक येतं. निव्वळ वजन, शंभर ग्रॅममागची साखर, आणि आपण एका वेळी खातो ती बिस्किटं, एवढ्यावर तो चमचे काढू शकतो. अशा तासाला शिक्षकाला आहारतज्ज्ञ असण्याची गरज नाही. वजनकाटा असला तर उत्तमच, नसला तर पाकिटातली बिस्किटं मोजून निव्वळ वजनाला भागलं की एका बिस्किटाचं वजन निघतं. या हिशोबातून कोणता पदार्थ वाईट आहे हे ठरत नाही, पण दोन बिस्किटं आणि आठ बिस्किटं यांतलं अंतर मुलाला स्वतःच्या हाताने मोजता येतं.

शेवटचा आक्षेप उद्योगाचा. ठाण्यात एका चौकाला कॅडबरीचं नाव आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अन्नप्रक्रियेवर पोट असलेली घरं आमच्याच आजूबाजूला राहतात. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाकिटं छापून ठेवलेली असतात, छपाईचे सिलिंडर बदलायचे म्हणजे खर्च, आणि लहान उत्पादकाला तो मोठ्यापेक्षा जड जातो. बचत गटाच्या चिवड्याला आणि बड्या कंपनीच्या कुकीजला एकच मुदत देणं अन्याय्य ठरेल, आणि छोट्यांना जास्त वेळ द्यावा हे मला मान्य आहे. पण मी सुचवतो आहे त्याला नवीन चाचणी लागत नाही, नवीन प्रयोगशाळा लागत नाही. शंभर ग्रॅमचे आकडे आज कंपनीकडे आहेतच, निव्वळ वजनही आहे. एका बैठकीत संपू शकतं अशा पाकिटावर 'पूर्ण पाकिटात' हा आणखी एक रकाना, सर्व्हिंगचं माप पदार्थाच्या प्रकारानुसार नियामकाने ठरवून दिलेलं, आणि दर्शनी बाजूवरचा कोणताही दावा व कोणतीही टक्केवारी एकाच भाजकावर. आपल्या कुकीजच्या पाकिटावर त्या रकान्यात वरून घातलेल्या साखरेसमोर 33 ग्रॅम हा आकडा येईल. तो आज छापला जात नाही कारण तो छापण्याची सक्ती नाही.